लाखाचा फसवा, चाळीस हजारांचा खरा: एकाच बाईंचे लघवीचे दोन कल्चर रिपोर्ट

प्रकरण साधंच आहे. ६१ वर्षांच्या एक काकू, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावच्या. बारा-तेरा वर्षांचा मधुमेह, गोळ्यांवर बऱ्यापैकी आटोक्यात. एप्रिलमध्ये लघवीला जळजळ सुरू झाली, दर अर्ध्या तासाला जावं लागू लागलं, ओटीपोटात दुखू लागलं. ताप नाही, कंबरेत दुखणं नाही, उलटी नाही. घरच्यांनी उन्हाळी लागली म्हणून धने-जिऱ्याचं पाणी दिलं. दोन दिवसांनी मेडिकलवाल्याने सेफिक्झिमच्या गोळ्या आणि लघवीची जळजळ कमी करणारं सिरप दिलं. गोळ्या दोन दिवस घेतल्या, थोडं बरं वाटलं, गोळ्या बंद केल्या, त्रास परत आला. मग फॅमिली डॉक्टरांनी लघवीची रुटीन तपासणी आणि कल्चर लिहून दिलं.

मी सूक्ष्मजीवशास्त्राची डॉक्टर. काकूंचा मुलगा माझ्याकडे आला तो पहिला रिपोर्ट हातात घेऊन आणि बऱ्यापैकी चिडून. तो नमुना दुसऱ्या एका कलेक्शन सेंटरमध्ये दिलेला होता. रिपोर्टमध्ये एका ओळीत लिहिलं होतं की दर मिलिलिटरला एक लाखाहून जास्त वाढ आहे, आणि पुढच्याच ओळीत की तीन किंवा अधिक प्रकारचे जंतू आढळले, नमुना दूषित असण्याची शक्यता, पुन्हा पाठवावा. खाली औषधांचा रकानाच नव्हता. त्याचं म्हणणं असं, "मॅडम, जंतू लाखाच्या वर आहेत म्हणतात आणि औषध कुठलं ते सांगत नाहीत. मग पैसे कशाचे घेतले?"

त्याचा राग समजण्यासारखा होता, पण रिपोर्ट बरोबर होता. नमुन्याचा प्रवास विचारला तेव्हा उलगडा झाला. सकाळी सातला काकूंनी घरी, धुऊन ठेवलेल्या औषधाच्या जुन्या बाटलीत लघवी घेतली. सुरुवातीची धार सोडायची असते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. बाटली मोटरसायकलच्या डिकीत गेली, मुलाने आधी दूध घातलं, मग पंपावर गेला, आणि अकराच्या सुमारास सेंटरला पोचला. एप्रिलच्या उन्हात चार तास.

मूत्राशयातली लघवी निरोगी माणसात जवळजवळ निर्जंतुक असते. पण बाहेर पडताना ती मूत्रमार्गाच्या तोंडाशी आणि आजूबाजूच्या त्वचेवर राहणाऱ्या जंतूंना धुऊन घेऊन येते. स्त्रियांमध्ये हे जास्त होतं. नमुना नीट घेतला तरी असे काहीशे ते हजारभर जंतू दर मिलिलिटरमध्ये येऊ शकतात, आणि तेवढ्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते पुढे. लघवी हे जंतूंना चांगलं मानवणारं खाद्य आहे, त्यात काकूंच्या लघवीत साखरही असू शकते. अर्ध्या तासाला दुप्पट धरलं तरी चार तासांत आठ वेळा दुप्पट, म्हणजे एका हजाराचे अडीच लाख होतात. ही वाढ बाटलीत झाली. काकूंच्या मूत्राशयात काय चाललं होतं, याबद्दल तो आकडा काहीच सांगत नव्हता.

त्याच दिवशीच्या रुटीन तपासणीतही खूण होती. पू पेशी वीस-पंचवीस होत्या, पण एपिथेलियल पेशीही पंधरा-वीस होत्या. चपट्या एपिथेलियल पेशी भरपूर दिसल्या की त्वचेचा आणि योनीमार्गाचा स्राव लघवीत मिसळलाय असं समजायचं. कल्चरचा रिपोर्ट हातात आला की रुटीनचा कागद फेकून देऊ नये, तो हा असा उपयोगी पडतो.

तीन प्रकारचे जंतू मिळूनही लॅबने औषधांची चाचणी का लावली नाही, हा मुलाचा खरा प्रश्न होता. लावली असती तर तीन वेगवेगळ्या जंतूंच्या तीन लांबलचक याद्या आल्या असत्या, आणि त्यांतला कुठला जंतू काकूंना त्रास देतोय हे कुणालाच ठाऊक नसतं. अशा यादीवरून डॉक्टर सगळ्यांना पुरून उरेल असं जबर औषध निवडतात. रिकामा रकाना हा त्या रिपोर्टमधला सगळ्यात प्रामाणिक भाग होता. काही लॅब ग्राहक नाराज होतो म्हणून अशा नमुन्यावरही सेन्सिटिव्हिटी छापून देतात. माझ्या मते ते रुग्णाचं नुकसान आहे.

नमुना पुन्हा घ्यायचं ठरलं. सेफिक्झिम बंद होऊन दोन दिवस झाले होते. काकूंना आमच्याकडेच बोलावलं. आमच्या सिस्टरने त्यांना समजावलं ते असं: साध्या पाण्याने पुढून मागे धुवा, डेटॉल-साबण काही लावू नका, एका हाताने बाजू फाकवून धरा, पहिली धार संडासात जाऊ द्या, मग धार न थांबवता डबी मध्ये धरा, अर्धी भरली की काढून घ्या, झाकणाच्या आतल्या बाजूला आणि डबीच्या काठाला बोट लावू नका. कल्चरसाठी सकाळची पहिली लघवी किंवा निदान तीन-चार तास मूत्राशयात साठलेली लघवी चांगली. काकूंना ते जमणं शक्यच नव्हतं, त्या अर्ध्या तासापूर्वीच जाऊन आल्या होत्या. हे मी नोंदवून ठेवलं, कारण आकड्याचा अर्थ लावताना ते लागणार होतं. वीस मिनिटांत नमुना प्लेटवर गेला. तेवढी घाई जमणार नसेल तर साध्या हवेत दोन तासांच्या आत लॅबला पोचवायचा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवायचा. चार अंशांवर वाढ थांबते आणि चोवीस तासांपर्यंत नमुना चालतो.

मोजणी कशी होते ते एकदा डोळ्यांसमोर आणलं की पुढचं सगळं सोपं जातं. आमच्याकडे एक बारीक तारेचा वेढा असतो, त्याला लूप म्हणतात. तो लघवीत बुडवून उचलला की त्यात बरोबर एक मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग येतो. तेवढा थेंब जेलीसारख्या खाद्यावर पसरायचा आणि प्लेट ३५ ते ३७ अंशांवर रात्रभर ठेवायची. प्रत्येक जिवंत जंतू जिथे पडला तिथेच वाढतो आणि सकाळी तिथे एक ठिपका दिसतो. त्या ठिपक्याला कॉलनी म्हणतात. एक कॉलनी दिसली म्हणजे मूळ लघवीत दर मिलिलिटरला हजार. शंभर कॉलन्या म्हणजे एक लाख. रिपोर्टवर सीएफयू प्रति मिलि असं जे छापलेलं असतं ते हेच. त्यात मोठी अचूकता शोधू नये. लूपमध्ये थोडं कमी-जास्त येतं, आणि दोन जंतू चिकटून पडले तर कॉलनी एकच दिसते.

काकूंच्या दुसऱ्या नमुन्याच्या प्लेटवर दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीसच्या आसपास कॉलन्या होत्या. मॅकॉन्की या खाद्यावर सगळ्या गुलाबी, कोरड्या, चपट्या, एकसारख्या. दुसऱ्या प्रकारची एकही नाही. इंडोल चाचणीत नळीच्या वरच्या थरात लाल कडं आलं. ई. कोलाय. रिपोर्टवर आकडा गेला चाळीस हजार. सूक्ष्मदर्शकाखाली पू पेशी पंचवीस-तीस आणि एपिथेलियल पेशी एक-दोन.

मुलाने आकडा पाहिला आणि म्हणाला, "मग इन्फेक्शन नाहीच की. नेटवर एक लाखाच्या वर असेल तरच धरतात."

एक लाखाचा हा आकडा अमेरिकेतल्या एडवर्ड कास यांच्या कामातून आला. १९५६ च्या सुमारास त्यांनी दाखवलं की मूत्रपिंडाचा संसर्ग असलेल्या स्त्रियांच्या लघवीत जंतू बहुधा लाखाच्या वर असतात, आणि नमुना घेताना मिसळलेले जंतू बहुधा त्याच्या बरेच खाली राहतात. त्रास नसलेल्या लोकांमध्ये खरी वाढ आणि भेसळ वेगळी करायला तो आकडा फार उपयोगी पडला. पण पुढे तो सगळीकडे कायद्यासारखा वापरला जाऊ लागला. १९८२ मध्ये सिएटलच्या वॉल्टर स्टॅम आणि सहकाऱ्यांनी जळजळीची तक्रार असलेल्या स्त्रियांमध्ये थेट मूत्राशयातून लघवी काढून पाहिली. मूत्राशयात ई. कोलायच्या कुळातले जंतू नक्की असलेल्या जवळपास निम्म्या स्त्रियांच्या मधल्या धारेच्या नमुन्यात आकडा लाखाच्या खालीच होता. तक्रारी स्पष्ट असतील आणि जंतू एकाच प्रकारचा असेल तर शंभरही पुरे, असं त्यांच्या अभ्यासातून निघालं. आमचा एक मायक्रोलिटरचा लूप हजाराच्या खालचं पाहूच शकत नाही, ही त्याची मर्यादा आहे.

काकूंच्या बाबतीत आकडा खाली राहायला दोन कारणं उघड होती. दर अर्ध्या तासाला लघवी होत असेल तर जंतूंना मूत्राशयात साठून वाढायला वेळच मिळत नाही. आणि दोन दिवस घेतलेल्या सेफिक्झिमने जंतू मारले नसले तरी थोडे दाबलेले असू शकतात. तेव्हा चाळीस हजार, एकच जंतू, भरपूर पू पेशी, नमुना नीट घेतलेला आणि समोर जळजळीने हैराण झालेली बाई, असं सगळं जुळत होतं. लाखाच्या वरचा पहिला रिपोर्ट निरुपयोगी होता आणि हा खरा होता.

औषधांची चाचणी लागली, आणि तिसऱ्या दिवशी रिपोर्टचा दुसरा भाग तयार झाला. निकालात एस म्हणजे जंतू त्या औषधाला नरम, आर म्हणजे दाद न देणारा, आय या अक्षराचं पुढे सांगते. त्यातल्या मुख्य ओळी अशा:

| औषध | एमआयसी | निकाल |
|---|---|---|
| अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनिक अॅसिड | १६ | आय |
| सेफ्ट्रिॲक्झोन | ≥६४ | आर |
| सिप्रोफ्लॉक्सासिन | ≥४ | आर |
| को-ट्रायमॉक्साझोल | ≥३२० | आर |
| नायट्रोफ्युरँटॉइन | ≤१६ | एस |
| फॉस्फोमायसिन | ≤१६ | एस |
| अमिकॅसिन | ≤२ | एस |
| पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम | ८ | एस |
| मेरोपेनेम | ≤०.२५ | एस |

खाली एक टीप होती: ईएसबीएल पॉझिटिव्ह.

या तक्त्यावर मुलाचं बोट थेट शेवटच्या ओळीवर गेलं. "मेरोपेनेम पॉइंट दोन पाच. सगळ्यात कमी आकडा. म्हणजे हेच सगळ्यात भारी ना? आईला ॲडमिट करायला लागेल का?" हा गैरसमज मी इतक्या वेळा ऐकते की त्यावर एक स्वतंत्र फलक लावायला हवा.

एमआयसी म्हणजे त्या जंतूची वाढ थांबवायला लागलेलं त्या औषधाचं कमीत कमी प्रमाण, दर मिलिलिटरला मायक्रोग्रॅममध्ये. मशीनमध्ये बारीक कप्पे असतात, प्रत्येक कप्प्यात एकाच औषधाचं वेगवेगळं प्रमाण. जंतू सगळ्यांत टाकायचा, कुठल्या कप्प्यापर्यंत गढूळपणा येतो आणि कुठून पुढे पाणी स्वच्छ राहतं ते मशीन पाहतं. ≤१६ याचा अर्थ चाचणीतल्या सगळ्यात कमी प्रमाणातही वाढ थांबली. ≥६४ म्हणजे सगळ्यात जास्त प्रमाणातही जंतू वाढतच राहिला. ज्या लॅबमध्ये मशीन नाही तिथे जेलीवर औषधाच्या चकत्या ठेवतात आणि भोवती वाढ न झालेल्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात. तिथे उलटं असतं, आकडा मोठा तेवढा जंतू त्या औषधाला जास्त नरम.

पण हा आकडा एकट्याने काही बोलत नाही. प्रत्येक औषधाची मर्यादारेषा वेगळी ठरवलेली असते, आणि ती ठरवताना नेहमीच्या डोसने ते औषध शरीरात किती पोचतं हे पाहिलेलं असतं. आमटीत मीठ चमचाभर लागतं आणि हिंग चिमूटभर, म्हणून हिंग मिठापेक्षा भारी ठरत नाही. आपल्याकडच्या बहुतेक लॅब वापरतात त्या अमेरिकी सीएलएसआय मानकात नायट्रोफ्युरँटॉइनसाठी ३२ पर्यंत एस आहे, मेरोपेनेमसाठी १ पर्यंत. काकूंच्या जंतूला दोन्ही औषधं आपापल्या रेषेच्या आत लागू पडत होती. १६ आणि ०.२५ यांची एकमेकांशी तुलना करायची नसते. रुग्णाने तर एमआयसीच्या रकान्याकडे बघितलं नाही तरी चालेल.

आय या अक्षराचंही थोडं सांगायला हवं. ते 'अर्धवट चालतं' असं नाही. डोस वाढवून, किंवा जिथे औषध आपोआप जास्त साठतं अशा जागी, ते कामाला येऊ शकतं एवढाच त्याचा अर्थ. लघवीत काही औषधं रक्तापेक्षा कितीतरी पट साठतात, म्हणून मूत्राशयाच्या संसर्गात आय कधीकधी चालून जातं. इथे एस निकालाची गोळी हाताशी असताना अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनिकच्या वाटेला जायचं कारण नव्हतं.

आता ती ईएसबीएलची टीप. हे जंतूने बनवलेलं एक एन्झाइम. ते पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन कुळातली बहुतेक औषधं तोडून टाकतं. त्याची खात्री करायची जुनी आणि डोळ्यांनी दिसणारी पद्धत अशी: जेलीवर सेफ्टाझिडिमची एक चकती ठेवायची आणि शेजारी सेफ्टाझिडिममध्ये क्लॅव्ह्युलेनिक अॅसिड मिसळलेली दुसरी. क्लॅव्ह्युलेनिक अॅसिड त्या एन्झाइमला निकामी करतं. दुसऱ्या चकतीभोवतीचं वर्तुळ पहिल्यापेक्षा ५ मिलिमीटर किंवा जास्त मोठं आलं की ईएसबीएल. काकूंच्या प्लेटवर पहिल्या चकतीभोवती नुसती पुसट किनार होती आणि दुसरीभोवती स्वच्छ गोल. मेडिकलवाल्याने दिलेलं सेफिक्झिम याच कुळातलं. ते शेड्यूल एच-१ मधलं औषध आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचंच नसतं, पण तो विषय वेगळा. दोन दिवस थोडं बरं का वाटलं, याचं बरंचसं श्रेय बहुधा जळजळीच्या सिरपचं.

ईएसबीएल बनवणाऱ्या जंतूंमध्ये सिप्रोफ्लॉक्सासिन आणि को-ट्रायमॉक्साझोललाही दाद न देण्याचे गुण बहुतेकदा सोबतच येतात, कारण हे गुण वाहणारे जनुक अनेकदा एकाच प्लाझ्मिडवर, म्हणजे जंतूजंतूंत देवघेव होणाऱ्या एकाच तुकड्यावर बसलेले असतात. तक्त्यात आर एकामागून एक का दिसतात त्याचं उत्तर हे. नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन वेगळ्या वाटांनी मारतात, त्यांना या एन्झाइमचा काही फरक पडत नाही.

शिल्लक राहिलेल्या पाच एसमधून कुठलं निवडायचं हे कल्चरचा कागद सांगत नाही. तो एवढंच सांगतो की प्रयोगशाळेत हा जंतू या औषधांपुढे टिकला नाही. पुढचे प्रश्न रुग्णाला विचारायचे असतात, आणि काकूंच्या डॉक्टरांनी ते फोनवर माझ्याशी बोलताना एकेक करून घेतले.

पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, संसर्ग आहे कुठे. ताप नाही, थंडी वाजत नाही, बरगडीखाली मागच्या बाजूला ठोकून पाहिलं तर दुखत नाही. म्हणजे मूत्राशयापुरता. नायट्रोफ्युरँटॉइन तोंडाने घेतलं की झपाट्याने लघवीत उतरतं आणि तिथे भरपूर साठतं. रक्तात किंवा मूत्रपिंडाच्या पेशींत ते औषधी प्रमाणात पोचत नाही. मूत्राशयासाठी हे उत्तमच, आतड्यातल्या आणि इतर ठिकाणच्या जंतूंनाही त्याची झळ कमी बसते.

दुसरा प्रश्न मूत्रपिंडांचा. औषध लघवीत उतरायचं तर मूत्रपिंडांनी ते उतरवायला हवं. मधुमेही रुग्णात हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊच नये. काकूंचं क्रिएटिनिन ०.९ होतं, त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या वेगाचा आकडा, सत्तरच्या वर. हाच आकडा तीसच्या खाली असता तर एस लिहिलेलं असूनही नायट्रोफ्युरँटॉइन बाद, कारण लघवीत पुरेसं पोचत नाही आणि अंगात साठून नसांना इजा करू शकतं. तीस ते पंचेचाळीसच्या मध्ये डॉक्टर विचार करून, थोड्या दिवसांसाठीच देतात.

अमिकॅसिन एस होतं, पण ते इंजेक्शन, आणि मूत्रपिंड व कानावर परिणाम करणारं. साध्या मूत्राशयाच्या संसर्गासाठी साठीच्या मधुमेही बाईला ते कशाला द्यायचं? पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम आणि मेरोपेनेम शिरेतून द्यायची, रुग्णालयात राहून, महागडी. मेरोपेनेम हे तर पुढे कधी रक्तात जंतू पसरले तर लागणारं औषध. ते आज जळजळीसाठी वापरलं तर आतड्यात त्यालाही न जुमानणारे जंतू उरण्याची वाट मोकळी होते, आणि मग काकूंच्या पुढच्या रिपोर्टमध्ये शेवटच्या ओळीतही आर येऊ शकतो.

राहिली दोन. फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची एकच पुडी पाण्यात घालून घ्यायची असते, फार सोयीची. डॉक्टरांनी नायट्रोफ्युरँटॉइन निवडलं, १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणानंतर, पाच दिवस. काकूंना गोळ्या खायची सवय आहे, औषध स्वस्त आहे आणि गावात मिळतं. सोबत एक गोष्ट त्यांनी आवर्जून बंद केली, ते जळजळीचं सिरप. अशी सिरपं लघवी अल्कधर्मी करतात आणि नायट्रोफ्युरँटॉइन आम्लधर्मी लघवीत जास्त चांगलं काम करतं. दोन्ही एकत्र लिहिलेल्या चिठ्ठ्या मी बऱ्याच पाहते. लघवीचा रंग गडद पिवळा ते तपकिरी होईल, घाबरू नका, हेही सांगितलं. नाहीतर दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आलाच असता.

आता हाच तक्ता, एकही अक्षर न बदलता, दुसऱ्या एका अवस्थेत वाचून पाहू. समजा काकू १०२ ताप, हुडहुडी, उजव्या कुशीत दुखणं आणि उलट्या घेऊन आल्या असत्या. मग संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढलेला. त्या क्षणी नायट्रोफ्युरँटॉइनचा एस आणि फॉस्फोमायसिनच्या पुडीचा एस दोन्ही कागदावरच राहतात, कारण तिथे ती औषधं पुरेशी पोचत नाहीत. गोळीतली बाकीची आर किंवा आय. म्हणजे भरती, आणि मेरोपेनेमच्या कुळातलं औषध, किंवा मूत्रपिंडांवर लक्ष ठेवून अमिकॅसिन. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम एस दिसत असलं तरी ईएसबीएल जंतू रक्तात गेलेला असेल तर त्याच्यावर भिस्त ठेवत नाहीत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेरिनो चाचणीत, सेफ्ट्रिॲक्झोनला दाद न देणाऱ्या ई. कोलाय आणि क्लेब्सिएलाचा रक्तात संसर्ग झालेल्या रुग्णांत तीस दिवसांतला मृत्युदर पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमच्या गटात १२.३ टक्के आणि मेरोपेनेमच्या गटात ३.७ टक्के होता. प्रयोगशाळेतला एस आणि रुग्णाच्या अंगातला परिणाम यांत एवढं अंतर पडू शकतं. त्यामुळे शेजारणीच्या रिपोर्टमध्ये ज्या गोळीपुढे एस होतं ती आपणही घ्यावी, किंवा स्वतःच्याच रिपोर्टवरून मेडिकलमधून औषध आणावं, याला काही अर्थ नाही.

आणखी एक बारकावा, कारण यावरून लॅबवर आरोप होतात. मर्यादारेषा अधूनमधून बदलतात. सीएलएसआयने २०२३ मध्ये या कुळातल्या जंतूंसाठी अमिकॅसिनची एस रेषा १६ वरून ४ वर आणली. ८ एमआयसी असलेला जंतू जुनी रेषा वापरणारी लॅब एस लिहील आणि नवी वापरणारी आय. मशीन तेच, जंतू तोच. दोन लॅबचे निकाल जुळले नाहीत तर आधी एमआयसी जुळतो का ते डॉक्टरांनी पाहावं.

काकूंची जळजळ तिसऱ्या दिवशी जवळजवळ थांबली, पाच दिवसांचा कोर्स पूर्ण झाला. मुलगा पुन्हा डबी घेऊन हजर. "निगेटिव्ह आल्याची खात्री करून घ्यायची होती." मी नमुना घेतला नाही. तक्रार उरलेली नसेल तर औषधानंतर कल्चर परत करायचं नसतं. गरोदर बाई असती तर गोष्ट वेगळी.

त्याने ऐकलं, पण जूनमध्ये एका हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये लघवीचं कल्चर आपोआप आलं. ई. कोलाय, एक लाखाहून जास्त, शुद्ध वाढ, पुन्हा ईएसबीएल. यावेळी नमुनाही चांगला घेतलेला होता, एपिथेलियल पेशी नाहीत. घरात घबराट. काकू मात्र ठणठणीत, रात्री एकदाच लघवीला उठतात, जळजळ नाही, ताप नाही. डॉक्टरांनी काहीही औषध दिलं नाही. त्रास न देता मूत्राशयात राहणारे जंतू वयस्क स्त्रियांत आणि मधुमेहात बरेचदा सापडतात. त्यांच्यावर औषध देऊन फायदा होत नाही हे अनेक अभ्यासांतून दिसलंय, आणि २०१९ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांतही मधुमेह असला तरी देऊ नये असं स्पष्ट आहे. अपवाद दोन ठळक आहेत, गरोदरपण आणि मूत्रमार्गाची रक्तस्राव होईल अशी शस्त्रक्रिया. कास यांचा लाखाचा आकडा इथे अगदी व्यवस्थित पार झाला होता, पण औषधाचा निर्णय त्यावर ठरत नव्हता. उगाच औषध दिलं असतं तर मूत्राशयातला शांत बसलेला जंतू जाऊन त्या जागी आणखी चिवट जंतू येण्याची शक्यता होती.

तरी तो जूनचा रिपोर्ट वाया गेला नाही. ईएसबीएल जंतू आतड्यात महिनोन्महिने राहतात, आणि पुढचा संसर्ग बहुधा त्यांच्यातूनच होतो. कल्चरचा निकाल यायला दोन-तीन दिवस लागतात आणि औषध त्याआधी सुरू करावं लागतं, तेव्हा अंदाज बांधायला गेल्या काही महिन्यांचे रिपोर्ट हाच सगळ्यात चांगला आधार. डॉक्टरांनी काकूंच्या फाइलच्या आतल्या पानावर लाल पेनने लिहून ठेवलं: ई. कोलाय ईएसबीएल, एप्रिल आणि जून. सेफिक्झिम, सिप्रो नको. नायट्रोफ्युरँटॉइन चाललं. ताप असेल तर थेट फोन. मुलाने त्या पानाचा फोटो काढून घेतला आणि मेडिकलवाल्यालाही पाठवला.